एनजे एक सांगते, एमएल दुसरे, आणि बूटस्ट्रॅप मात्र 100: लांब फांद्यांचा घोळ कसा ओळखावा

तक्रार दर वर्षी तीच असते, फक्त प्राणी बदलतो. कधी बेडूक, कधी पाली, कधी बुरशी. अलाइनमेंट तयार आहे, नेबर जॉइनिंगने म्हणजे एनजेने झाड काढले, त्यात दोन नमुने शेजारी आले आणि फांदीवर 99 किंवा 100 आकडा आला. मग कोणीतरी म्हणाले की एमएल, म्हणजे मॅक्झिमम लाइकलिहूडनेही करून बघ. केले, तर जोडी फुटली. प्रश्न येतो: खरे कोणते? आणि बूटस्ट्रॅप 100 असताना चूक कशी असेल?

आधी एक चाळणी लावा. दोन्ही झाडे ज्या फांदीवर भांडत आहेत, तिथे दोन्हीकडे आकडे 40–50 च्या घरात असतील तर ते भांडणच नव्हे. तिथे विदेत माहिती नाही आणि दोन्ही पद्धतींनी आपापल्या परीने नाणे उडवले आहे. तेवढी गाठ सोडलेली दाखवा आणि पुढे जा. खरी अडचण तेव्हाच असते, जेव्हा दोघींपैकी निदान एक तरी छातीठोकपणे बोलत असते.

दुसरी चाळणी आणखी साधी. वादातला नमुना भलत्याच लांब फांदीवर बसला असेल तर त्याचा मूळ सीक्वेन्स उघडून बघा. उलट्या दिशेने वाचलेला सीक्वेन्स तसाच अलाइनमेंटमध्ये गेला की तो कुणाशीच जुळत नाही आणि त्याची फांदी ताडासारखी वाढते. माफ्टमध्ये `--adjustdirection` दिले तर हे आपोआप सुधारते. टोकाचा घाणेरडा वाचनभाग न छाटणे हेही नेहमीचे कारण. माझ्याकडे येणाऱ्या झाडांपैकी बरीच इथेच बरी होतात आणि पुढचे काही वाचायची गरज उरत नाही.

ती उरली असेल, तर प्रकरण बहुधा लांब फांद्यांच्या ओढीचे आहे. दोन वंश वेगवेगळ्या ठिकाणचे, पण दोघांचाही बदलाचा वेग जास्त. इतके बदल झाले की काही जागांवर दोघांकडे योगायोगाने तेच अक्षर आले. चारच अक्षरे आहेत, योगायोग व्हायला वेळ लागत नाही. पद्धतीला हा योगायोग नाते वाटतो.

याचे गाजलेले उदाहरण स्ट्रेप्सिप्टेरा या परजीवी कीटकांचे. गांधीलमाशीच्या पोटाच्या वळ्यांमधून यांच्या माद्यांचे डोके बाहेर डोकावताना दिसते. नराचे पुढचे पंख आखडून छोट्या गदेसारखे झालेले असतात. माश्यांमध्ये मागचे पंख तसे असतात. 1990च्या दशकात 18एस राइबोसोमल जनुकावरून काढलेल्या पार्सिमनी झाडांत स्ट्रेप्सिप्टेरा आणि माश्या शेजारी आल्या. पंखांच्या साम्यामुळे ते पटण्यासारखेही होते. पण या दोघांच्याच 18एस फांद्या बाकी कीटकांहून खूप लांब होत्या. 1997 मध्ये ह्युल्सेनबेक यांनी दाखवले की एवढ्या लांब फांद्या असल्या तर मुळात नाते नसतानाही पार्सिमनी त्यांना जोडेल, आणि एमएलने बघितले तर ती जोडी टिकत नाही. पुढे 2012 मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या विदेवरून स्ट्रेप्सिप्टेरा भुंगेऱ्यांचे सख्खे शेजारी ठरले.

तिथे आरोपी पार्सिमनी होती. एनजेमध्ये नेमके हेच कसे घडते, ते हाताने गणित केल्याशिवाय पटत नाही, म्हणून करूच. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, मोजलेले नाहीत. चार गट: स्ट्रेप्सिप्टेरा, भुंगेरा, माशी, फुलपाखरू. खरे झाड असे की एका बाजूला स्ट्रेप्सिप्टेरा आणि भुंगेरा, दुसऱ्या बाजूला माशी आणि फुलपाखरू. स्ट्रेप्सिप्टेरा आणि माशीची फांदी प्रत्येकी 0.8, म्हणजे दर जागेमागे सरासरी 0.8 बदल. भुंगेरा, फुलपाखरू आणि मधली जोडफांदी प्रत्येकी फक्त 0.05.

फांद्यांची लांबी जोडत गेलात की खरी अंतरे मिळतात. स्ट्रेप्सिप्टेरा ते भुंगेरा 0.85, माशी ते फुलपाखरू 0.85. स्ट्रेप्सिप्टेरा ते माशी 1.65, भुंगेरा ते फुलपाखरू 0.15. उरलेल्या दोन तिरप्या जोड्या 0.90 प्रत्येकी. चार टोके असली की एनजेचा निर्णय एका सोप्या कसोटीवर येतो: समोरासमोरच्या जोड्यांची बेरीज करा, जिची बेरीज सर्वांत लहान ती विभागणी खरी. खऱ्या जोडीची बेरीज 1.70, बाकी दोन्ही 1.80. निकाल बरोबर.

पण आपल्या हातात खरी अंतरे नसतात. हातात असतात किती जागा वेगळ्या दिसतात ते, म्हणजे पी-अंतर. एकाच जागेवर दोनदा बदल झाला तरी तो एकदाच दिसतो, आणि बदल होऊन परत मूळ अक्षर आले तर दिसतच नाही. सर्वांत साध्या ज्युक्स–कॅंटर प्रतिमानात (1969) हा संबंध असा:

```
p = 3/4 × (1 − e^(−4d/3))
d = −3/4 × ln(1 − 4p/3)
```

आता 1000 जागांची अलाइनमेंट घ्या. स्ट्रेप्सिप्टेरा आणि माशीत सरासरी 667 जागा वेगळ्या दिसतील, भुंगेरा आणि फुलपाखरात 136. खऱ्या दोन्ही जोड्यांत 509 प्रत्येकी, तिरप्या जोड्यांत 524 प्रत्येकी. बेरजा करा. खरी विभागणी 1018. तिरपी 1048. आणि लांब फांद्यांना जोडणारी चुकीची विभागणी: 667 अधिक 136, फक्त 803.

चुकीचे झाड जिंकले, आणि काठावर नाही, भरघोस फरकाने जिंकले. कारण वेगळ्या जागांना 750 ची मर्यादा आहे. पूर्णपणे असंबद्ध दोन सीक्वेन्सही एक चतुर्थांश जागांवर योगायोगाने जुळतात. सर्वांत मोठे अंतर त्या छताला सर्वांत जवळ असते, म्हणून तेच सर्वांत जास्त दाबले जाते. 1.65 चे 0.667 झाले. सर्वांत दूरचे दोघे आहेत त्याहून बरेच जवळचे भासू लागले.

बूटस्ट्रॅप इथे का वाचवत नाही हे आता सोपे आहे. फेल्सेनस्टाइन यांनी 1985 मध्ये वंशवृक्षांसाठी आणलेली ही युक्ती अलाइनमेंटमधले स्तंभ चिठ्ठ्यांसारखे पुन्हा पुन्हा उचलते. 1000 स्तंभांतून 1000 वेळा उचलायचे, उचललेला परत टाकायचा. प्रत्येक फेरीत साधारण 368 स्तंभ अजिबात येत नाहीत, काही दोन-तीनदा येतात. त्यावर तीच पद्धत, त्याच सेटिंगनिशी चालवायची आणि किती फेऱ्यांत ती फांदी आली ते मोजायचे. 803 आणि 1018 मधले अंतर एवढे मोठे आहे की चिठ्ठ्या कशाही उचला, चुकीची जोडीच येणार. जवळजवळ 100. अलाइनमेंट आणखी लांब केलीत तर आकडा कमी होणार नाही, उलट चुकीवर शिक्कामोर्तब होईल. बूटस्ट्रॅप सांगतो तो विदेच्या नमुन्यातला डळमळीतपणा. पद्धतच एका बाजूला कललेली असेल तर तो कल प्रत्येक फेरीत सारखाच असतो, तो आकड्यात दिसत नाही. तराजूत खोट असली की शंभर वेळा तोलले तरी वजन तेवढेच भरते.

उपाय उघड आहे: पी-अंतर सोडा, दुरुस्त केलेले अंतर घ्या. 1000 पैकी 667 म्हणजे 0.667, ते वरच्या दुसऱ्या सूत्रात p म्हणून घातले की 1.65 परत मिळते आणि एनजे बरोबर झाड देते. म्हणजे दोष एनजेचा नव्हता, तिला दिलेल्या अंतराचा होता. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि बहुतेकांचे घोडे नेमके इथेच पेंड खाते. ते म्हणतात, "मी दुरुस्ती लावली होती, तरीही चुकीचीच जोडी येते."

कारण खऱ्या जनुकात सगळ्या जागा एकाच वेगाने बदलत नाहीत. राइबोसोमल आरएनएचे काही भाग जवळजवळ गोठलेले असतात, काही वळसे वाऱ्यावर सोडल्यासारखे बदलतात. हा असमानपणा गॅमा वितरणाने मांडतात आणि त्याचा आकार अल्फा या एका आकड्यात येतो. अल्फा लहान म्हणजे असमानपणा जास्त. वरच्याच झाडावर अल्फा 0.5 धरून पुन्हा गणित केले तर वेगळ्या जागा अशा येतात: लांब जोडी 427, आखूड जोडी 116, खऱ्या जोड्या 335, तिरप्या 343. आकडे किती साळसूद दिसतात बघा. 427 बघून कोणालाही वाटणार नाही की इथे काही साचले आहे.

यावर साधी ज्युक्स–कॅंटर दुरुस्ती लावा. लांब जोडीचे अंतर 1.65 ऐवजी 0.63 येते, आखूड जोडीचे 0.13, बेरीज 0.76. खऱ्या विभागणीची बेरीज 0.89, तिरपीची 0.92. पुन्हा चुकीचे झाड. दुरुस्ती लावली, पण अपुरी लावली. इथे एमएललाही सूट नाही. एमएल चालवताना जागांचा वेग `Uniform` ठेवलात तर तीही याच खड्ड्यात पडू शकते. "एमएलने केले आहे" हे वाक्य त्यामुळे मला अर्धेच वाटते. कोणत्या प्रतिमानाने केले ते सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. मेगामध्ये काम करणाऱ्यांनी `Rates among Sites` ची ओळ एकदा उघडून बघावी. ती बहुधा कोणी हात न लावलेली असते.

हे आपल्या विदेत घडते आहे का, ते आर मधल्या `ape` ने पाच ओळींत कळते:

```r
library(ape)
x  <- read.dna("aln.fasta", format = "fasta")
d1 <- dist.dna(x, model = "raw",  pairwise.deletion = TRUE)
d2 <- dist.dna(x, model = "TN93", gamma = 0.5,
               pairwise.deletion = TRUE)
plot(d2, d1)
```

आडव्या अक्षावर दुरुस्त अंतर, उभ्यावर दिसणारे. ठिपके सरळ रेषेत चढत असतील तर निश्चिंत व्हा. अशा विदेत एनजे आणि एमएल सहसा भांडतही नाहीत. रेषा वाकून आडवी पडत असेल, आणि वादातल्या जोडीचा ठिपका त्या आडव्या भागात असेल, तर रोग सापडला. 0.5 हा आकडा इथे मी नुसता धरला आहे. आपल्या विदेचा अल्फा एमएल मोजून देते, तो घालावा. काही जोड्या इतक्या दूर असतात की दुरुस्तीचे सूत्रच कोसळते आणि अंतराच्या जागी `NaN` किंवा `Inf` येते. ती चूक दडपू नका, तीच सर्वांत प्रामाणिक सूचना आहे.

आता एमएल. आयक्यू-ट्री वापरत असाल तर मी असे चालवतो:

```
iqtree2 -s aln.fasta -m MFP -B 1000 -alrt 1000 -bnni
```

`MFP` प्रतिमाने तपासून योग्य ते निवडते. चालवून झाल्यावर थेट झाडाकडे धावू नका. `.iqtree` फाइल उघडा. निवडलेल्या प्रतिमानाच्या नावात `+G4`, `+I` किंवा `+R` आहे का बघा. गॅमा असेल तर खाली अल्फा मिळेल. तो एकच्या बराच खाली असेल आणि तुमचे एनजे झाड गॅमाशिवायचे असेल, तर दोघींच्या भांडणाचे कारण बहुधा हेच. शिवाय ही आज्ञा `.bionj` नावाची फाइलही ठेवून जाते. ते एनजेच्याच घराण्यातले झाड, पण एमएलने काढलेल्या अंतरांवरचे. मूळ एनजे झाड, हे झाड आणि एमएल झाड अशी तिन्ही शेजारी ठेवा. मधले झाड एमएलकडे गेले असेल तर अंतराचा दोष सिद्ध झाला.

मधले झाड डळमळत असेल तरी आश्चर्य मानू नका. वरच्या उदाहरणात अल्फा बरोबर दिला तर लांब जोडीचे अंतर सरासरीने 1.65 येते खरे, पण 1000 जागांवर त्या अंदाजाची प्रमाण त्रुटी जवळजवळ 0.2 आहे. आणि योग्य व अयोग्य झाडाच्या बेरजेतला फरक आहे केवळ 0.1. छताजवळच्या अंतराची दुरुस्ती म्हणजे पुसट आवाज ध्वनिवर्धकावर मोठा करणे. खरखरही तेवढीच मोठी होते. त्यामुळे योग्य दुरुस्तीनंतर एनजेचा बूटस्ट्रॅप 100 वरून घसरून मधेच कुठेतरी लोंबकळतो. विद्यार्थी घाबरतात, काहीतरी बिघडले म्हणतात. माझ्या मते तिथे पहिल्यांदाच आकडा खरे बोलू लागलेला असतो. एमएल यातून जास्त बरी निघते, कारण ती प्रत्येक जोडीचे सगळे स्तंभ एका आकड्यात कोंबत नाही. प्रत्येक स्तंभ सगळ्या टोकांसह एकदम बघते, आणि हळू बदलणाऱ्या जागांना आपोआप जास्त वजन देते.

आकडे वाचताना दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला कमी आकड्यांचा. समजा जवळच्या प्रजाती आहेत आणि एखाद्या फांदीच्या बाजूने फक्त एकच स्तंभ आहे, विरोधात एकही नाही. तो स्तंभ बूटस्ट्रॅपच्या एका फेरीत उचलला जाण्याची शक्यता 63 टक्के. दोन स्तंभ असतील तर 86, तीन असतील तर 95. म्हणजे साडेपाचशे जागांच्या 16एस तुकड्यात अगदी आखूड फांदीवर 63 च्या आसपास आकडा आला तर तो विरोधाचा पुरावा नाही, पुरावा थोडा असल्याचा हिशेब आहे. उलट, लांब फांदीवर 63 येत असेल तर तिथे स्तंभ एकमेकांविरुद्ध साक्ष देत आहेत. फांदीची लांबी न बघता आकडा वाचणे म्हणूनच धोक्याचे. मेगा बूटस्ट्रॅपचे जे एकमत-झाड वेगळे दाखवते त्यात लांब्या नसतात. निदान करताना ते नको, मूळ झाड घ्या.

दुसरा गोंधळ मोजपट्टीचा. साध्या बूटस्ट्रॅपला लोक 70 ची रेघ लावतात. वरच्या आज्ञेतला `-B` हा अतिवेगवान बूटस्ट्रॅप आहे, त्याची रेघ 95 आहे, आणि सोबतच्या एसएच-एएलआरटीची 80. फांदीवर `82.3/96` असे दोन आकडे दिसतील; पहिला एसएच-एएलआरटीचा, दुसरा बूटस्ट्रॅपचा. एनजेचा 75 आणि याचा 75 एका तक्त्यात शेजारी मांडून "दोन्हीकडे सारखाच आधार" असे लिहिलेले मी पाहिले आहे. तुलना करायचीच असेल तर `-B 1000` ऐवजी `-b 100` देऊन साधा बूटस्ट्रॅप चालवा (तेव्हा `-bnni` काढावे लागते), आणि चहा घेऊन या, वेळ लागतो.

आणखी एक खोडी आहे, तिचा पद्धतीशी संबंध नाही. बूटस्ट्रॅपचा आकडा फांदीचा असतो, गाठीचा नव्हे. पण न्यूविक फाइलमध्ये तो गाठीचे नाव म्हणून लिहिलेला असतो. दर्शक-सॉफ्टवेअरमध्ये झाडाचे मूळ बदलले की काही प्रोग्रॅम तो आकडा गाठीबरोबर फिरवतात आणि तो शेजारच्या फांदीवर जाऊन बसतो. `ape` मध्ये मूळ बदलताना हे टाळायला एक शब्द पुरतो:

```r
tr2 <- root(tr, outgroup = "bahergat", edgelabel = TRUE,
            resolve.root = TRUE)
```

मूळ बदलण्याआधी एक ओळखीची जोडी आणि तिचा आकडा कागदावर लिहून ठेवा, नंतर पडताळा.

इतके करूनही संशय उरला तर शेवटची तपासणी करा, ती मला सर्वांत आवडते. लांब फांदीवाल्या दोघांपैकी एकाला अलाइनमेंटमधून काढा आणि झाड पुन्हा बांधा. उरलेला होता तिथेच राहिला तर त्याची जागा दुसऱ्याच्या ओढीवर अवलंबून नव्हती. तो उठून वेगळ्याच घरी गेला तर ओढ होती. मग दुसऱ्याला काढून तसेच बघा. वर घेतलेल्या झाडात आणखी कीटक असते, तर माशी काढली की स्ट्रेप्सिप्टेराने भुंगेऱ्याकडे सरकायला हवे; चारच टोके असतील तर उरलेल्या तिघांचे एकच झाड होते आणि ही कसोटी लागत नाही. बाह्यगट फार दूरचा घेतला असेल तर त्यालाही हीच कसोटी लावा, कारण बाह्यगट हीसुद्धा एक लांब फांदीच असते आणि ती वेगवान वंशाला झाडाच्या बुडाशी ओढून नेते. "आमची प्रजाती सर्वांत आदिम निघाली" असे ऐकले की मी पहिला प्रश्न बाह्यगटाबद्दल विचारतो.

आणि दोन झाडांतले एक नाकारायचेच असेल तर दोन्ही न्यूविकमध्ये एका फाइलीत लिहा आणि एयू चाचणी लावा:

```
iqtree2 -s aln.fasta -m GTR+F+I+G4 -z jhaade.nwk -n 0 -zb 10000 -au
```

`-m` मध्ये मागच्या फेरीत निवडले गेलेले प्रतिमान द्या. `p-AU` 0.05 च्या खाली गेलेले झाड विदेला मान्य नाही. पुष्कळदा दोन्ही वर राहतात. तेव्हा लांब फांदी मधेच तोडेल असा एखादा नातलग गट अलाइनमेंटमध्ये आणावा लागतो, किंवा हळू बदलणारे दुसरे जनुक घ्यावे लागते. आहे त्याच 1000 जागांवर बूटस्ट्रॅपच्या फेऱ्या 1000 वरून 10000 केल्याने फक्त आकड्याचा दशांश स्थिर होतो.